लाभार्थी किती?

मागच्या वर्षी आमच्या डायलिसिस केंद्रातले चार रुग्ण दगावले आणि मदत देणाऱ्या कंपनीला गेलेल्या अहवालात आमची कामगिरी सुधारलेली दिसली. कंपनीच्या नमुन्यात ‘वर्षभरातील एकूण लाभार्थी’ असा रकाना आहे. रुग्ण गेला की त्याचं मशीन रिकामं होतं, प्रतीक्षा यादीतला पुढचा माणूस येतो आणि आकडा एकाने वाढतो. चोवीस जणांना वर्षभर जगवलं असतं तर आम्ही २४ लिहिले असते. चार गेले म्हणून २८ लिहिले. त्रैमासिक आढाव्यात वरच्या साहेबांनी ‘लाभार्थी वाढले, छान’ असं म्हटलं, तेव्हा टेबलाच्या या बाजूला बसलेल्या आमच्या टेक्निशियनने मान खाली घातली. त्या चौघांच्या हाताला सुई लावणारा तोच होता.

मी तालुक्याच्या गावातल्या एका देवस्थानाच्या ट्रस्टचं हिशेबाचं आणि पत्रव्यवहाराचं काम पाहतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर हे अंगावर घेतलं. देवस्थानाने डायलिसिस केंद्र काढलं ते भक्तनिवासाच्या तळमजल्यावर, पाच मशीन घेऊन. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन-येऊन आणि मशीनवरचे चार तास धरून माणसाचा अख्खा दिवस जायचा, सोबतच्या माणसाची मजुरी बुडायची. सरकारी योजनेत डायलिसिस मोफत आहे, पण ते योजनेत असलेल्या रुग्णालयातच. आमचं केंद्र त्या यादीत नाही.

देणगीवर हे चालत नाही असं दोन वर्षांत दिसलं. म्हणून सीएसआर. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. पण ते पैसे घेणाऱ्या संस्थेकडे कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाची सीएसआर-१ नोंदणी लागते आणि आमच्यासारख्या ट्रस्टला ती मिळायला १२ए आणि ८०जी दोन्ही असावं लागतं. इथेच देवस्थानं अडतात. पूजाअर्चा, उत्सव, पालखी यांवर उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून जास्त खर्च झाला की ८०जी टिकत नाही, आणि कुठल्या देवस्थानाचा उत्सव पाच टक्क्यांत बसतो? विश्वस्तांनी शहाणपणाने आरोग्यकार्यासाठी वेगळा ट्रस्ट धर्मादाय कार्यालयात नोंदवला, वेगळं पॅन, वेगळं खातं. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी आधी हेच करावं आणि दानपेटीचा एक रुपयाही या खात्यातून फिरवू नये. देवस्थानाला मदत करायची असेल तर ठराव करून, चेकने, देणगी म्हणून करावी.

कंपनीच्या सीएसआर विभागातल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘‘सगळ्या धर्मांच्या रुग्णांना घेता याचा पुरावा?’’ रुग्णांचा धर्म नोंदवून तक्ता द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. मी नकार दिला. आम्ही धर्म विचारत नाही हाच पुरावा, आणि तो द्यायला धर्म विचारायला लागलो तर पुरावाच मोडला. त्याऐवजी प्रवेशाचा नियम लिहून दिला: अर्जाच्या तारखेनुसार क्रम, प्राधान्य फक्त किडनीच्या डॉक्टरांच्या लेखी शेऱ्याने, विश्वस्तांची शिफारस चालणार नाही, यादी नोंदणी क्रमांकाने दाराबाहेर फलकावर. शेवटची अट विश्वस्तांच्या बैठकीत मंजूर करून घेताना मला बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण मॅडमना ते पटलं, आणि हा विषय तिथे संपला.

संपला नाही तो लाभार्थ्यांचा. त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं.

पाच मशीन, दोन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस. म्हणजे आठवड्याला ६० डायलिसिस, वर्षाला ३,१२०. यातलं काही खोटं बोलून वाढत नाही. आता हे ६० वाटायचे कसे? किडनी पूर्ण थांबलेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, ही डॉक्टरांची शिफारस. तसं केलं तर वीस रुग्ण. दोनदा केलं तर तीस. आपल्याकडे खर्चापायी दोनदाच करणारे पुष्कळ आहेत आणि ते जगतातही. कसे जगतात ते केंद्रात बसल्यावर दिसतं. सोमवार-गुरुवार येणाऱ्या एक शिवणकाम करणाऱ्या मावशी होत्या. गुरुवारनंतर थेट सोमवार. मधल्या दिवसांत शरीरातलं पाणी बाहेर पडायला पुरेशी वाट नसते. सोमवारी वजनकाट्यावर उभ्या राहिल्या की चार, साडेचार किलो वाढलेलं, घोट्यावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. मला म्हणाल्या, ‘‘भाऊ, रविवारची रात्र मी बसूनच काढते. आडवं झालं की बुडाल्यागत होतं.’’

प्रस्तावात मी वीस रुग्ण लिहिले. कंपनीकडे मागणी फक्त दोन गोष्टींची होती. एक, मशीनला लागणारं साहित्य: डायलायझर, नळ्या, सुया, बायकार्बोनेट, हेपारिन, सलाईन, दर डायलिसिसला ६०० रुपये. दुसरं, डॉक्टरांचं मानधन आणि रक्ततपासण्या, दर डायलिसिसला १५० रुपये. पगार, वीज, पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ संयंत्राची देखभाल देवस्थानाकडे. ३,१२० गुणिले ७५०, म्हणजे २३ लाख ४० हजार. मॅडमनी कॅल्क्युलेटरवर वीसने भागून दाखवलं: माणशी १,१७,०००. ‘‘आमच्याकडे डोळ्यांच्या शिबिराचा प्रस्ताव आहे, त्यात माणशी खर्च शेकड्यांत आहे. हे समितीपुढे कसं मांडू? तीस करा ना. ७८,००० वर येईल.’’

मी जेवढं शांतपणे सांगता येईल तेवढं सांगितलं. शिबिरातला माणूस तपासून घरी जातो. आमचा माणूस परवा पुन्हा येतो, आणि आला नाही तर आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. दोघांना एकाच भागाकारात कसं बसवणार? मापायचं तर दर डायलिसिसचा खर्च मापा, त्यात आम्ही कुठल्याही खासगी रुग्णालयापुढे उभे राहायला तयार आहोत. त्या म्हणाल्या, नमुन्यात तो रकाना नाही.

मग मी निष्पत्तीचं पान पुन्हा लिहायला घेतलं. इथे एक गोष्ट आमच्या डॉक्टरांनी दाखवली ती कुणालाही उपयोगी पडेल. डायलिसिस नीट झालं का हे पाहायला आधीचं आणि नंतरचं युरिया मोजतात. आधी १४०, नंतर ४६, म्हणजे ६७ टक्के घट. ६५ च्या वर चांगलं. बहुतेक केंद्रं हाच आकडा अहवालात देतात. पण तो त्या दिवसाच्या चार तासांचा हिशेब आहे. आठवड्यातून दोनदा करणाऱ्याचाही ६७ येतो, आणि तो रविवारी रात्रभर उशाला टेकून बसलेला असतो. म्हणून आम्ही वेगळी मापं धरली: ठरलेल्यापैकी किती डायलिसिस प्रत्यक्ष झाले, किती पूर्ण चार तास चालले, दोन डायलिसिसच्या मध्ये वजन किती वाढलं, आणि धाप लागून किती जणांना रात्री-अपरात्री दाखल करावं लागलं. ही सगळी माहिती टेक्निशियनच्या रोजच्या वहीत असतेच. अहवालासाठी वेगळी माणसं लागत नाहीत, वहीत रकाना आखावा लागतो. आणखी एक ओळ घातली: एकाच पाळीत दोघा-तिघांना थंडी वाजून हुडहुडी भरली तर त्या दिवशी पाण्याची तपासणी आणि लेखी नोंद. एकाला थंडी वाजली तर कारण त्याच्या शरीरात शोधतात. एकदम तिघांना वाजली तर आधी पाण्यावर संशय घ्यायचा.

समितीने दीड महिना घेतला आणि उलटा निरोप आला: तीन नवीन मशीन देतो, दर्शनी भागात कंपनीचा फलक लावा, साहित्याचा खर्च पुढच्या वर्षी बघू. आमच्या काही विश्वस्तांना हे फार आवडलं. मशीन दिसतं, त्याचं पूजन होतं, फोटो निघतो. डायलायझर वापरून कचऱ्याच्या पिशवीत जातो. मी बैठकीत एवढंच विचारलं की आहेत त्या पाचांवर घालायला साहित्य उधारीवर येतंय, आणखी तिनांवर काय घालायचं? पुष्कळ संस्थांच्या खोल्यांत प्लास्टिक झाकून ठेवलेली मशीन मी पाहिली आहेत. देणाऱ्याने विकत घेऊन दिली, चालवायला कुणी दिलं नाही. मशीन घेण्याचा ठराव एका मताच्या फरकाने नामंजूर झाला.

शेवटी मार्च जवळ आला. खर्च न झालेली रक्कम कंपनीला नियमाप्रमाणे दुसरीकडे वर्ग करावी लागते, तेव्हा जानेवारीनंतर सगळीकडेच सूर बदलतो. मॅडमचा फोन आला: साहित्य मंजूर होईल, पण वीस फारच कमी आहेत. डॉक्टर म्हणाले, ज्यांना अजून दिवसाला थोडीफार लघवी होते त्यांना दोनदा पुरतं, मोजून ठरवू. मोजलं तेव्हा बारा जण तसे निघाले. बारा जणांना तीनदा, बारा जणांना दोनदा: छत्तीस आणि चोवीस, साठ. चोवीस रुग्ण. सही झाली.

महिनोन्‌महिने मी त्या मॅडमवर चिडून होतो. पण यादीतला एकविसावा माणूस, वीटभट्टीवर काम करणारा तिशीतला मुलगा, पहिल्यांदा मशीनवर आला तेव्हा मला हेही म्हणावं लागलं की माझ्या तत्त्वाने तो बाहेर राहिला असता. त्यांनी ताणलं नसतं तर आम्ही लघवी मोजायलाही बसलो नसतो. तरीही त्यांचा भागाकार मला आज मान्य नाही. लघवी वर्षभरात कमी होत जाते, दोनदावाले एकेक करून तीनदावर येतात, आणि त्यांच्यासाठी साठात जागा नाही. मावशी त्या बारात होत्या. पावसाळ्यानंतर त्यांची लघवी थांबली. तिसरी वेळ मोकळी व्हायला पाच आठवडे लागले. त्या निभावल्या. सगळेच निभावतात असं नाही.

अहवालात मी ‘केंद्र सोडण्याचं कारण’ असा रकाना स्वतःहून जोडला आणि चार ठिकाणी ‘मृत्यू’ लिहिलं. तो काढा, असा निरोप दोनदा आला. काढलेला नाही. शिवाय ३१ मार्चला करार संपतो पण डायलिसिस संपत नाही, म्हणून पुढची मंजुरी येईपर्यंत सहा महिन्यांचं साहित्य देवस्थान देईल असा ठराव विश्वस्तांकडून आधीच करून घेतला आहे.

यंदाच्या प्रस्तावात तिसरी पाळी मागितली आहे. संध्याकाळी सहा ते दहा, आठवड्याला आणखी ३० डायलिसिस. मशीन आहेत, आरओचं पाणी पुरतं. लागतात ते दोन टेक्निशियन, आणि पगार हे शीर्ष कंपनीच्या धोरणात बसत नाही असं मला तोंडी कळवण्यात आलं आहे. मी लेखी मागितलं आहे. तोवर पगाराची ओळ पहिल्या पानावरच ठेवली आहे.