साडेसहा तोळे

आषाढात डिचोलीच्या बाजारातील आमच्या परिचयाच्या शेटींनी आम्हांस दुकानात बोलावून एक पत्र हाती ठेविले. अक्षर आमच्या कन्येचे. ‘ती. शेटकाकांस सा. न.’ असा रीतसर मायना. मजकूर असा की, आईची पुतळ्यांची माळ बँकेत पडून आहे. बंगळूरच्या बसमधून ती घालून हिंडता येत नाही. तरी तीत दोन बांगड्या, एक साखळी आणि कानांतली फुले करून द्यावीत. ‘वजन साडेसहा तोळे आहे, तेवढ्यात भागेल. बाबांना तुम्हीच सांगा, मला धीर होत नाही.’

जन्मभर परक्या मुलांचे निबंध तपासले. स्वतःच्या मुलीचे हे वाक्य वाचून तांबडी पेन्सिल आठवली नाही. पत्नीस जाऊन तीन वर्षे झाली. ही माळ ती चवथीस आणि पेडण्याच्या पुनवेस घाली, आणि घरी येताच मानेवरचा वळ चोळीत ती काढून ठेवी. तरीही आमचे उत्तर नकाराचेच होते.

शेटी म्हणाले, “मास्तर, हो म्हणा की नको म्हणा, अगोदर बाईंची चूक दुरुस्त करूं.” माळ काट्यावर ठेवली. 76 ग्रॅम भरली. तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे साडेसहा तोळे खरेच. पण त्यात रेशमी गोफ चार ग्रॅमचा, आणि पुतळ्यांमधले मणी पोकळ, आत लाख भरलेले. लाख नसती तर पत्र्यासारखे ते मणी बोटाने चेपले असते. दोरा आणि लाख मिळून बारा ग्रॅम गेले. सोने उरले चौसष्ट.

मग त्यांनी एक पुतळी कसोटीवर घासली. कस पिवळाधमक, बावीस कॅरटचा. आम्ही समाधानाने मान हलविली. शेटींनी पुतळी उलटी केली. मागे दोरा ओवण्यासाठी कडी जोडलेली होती. कडी जोडावयाची तर डाख लागतो. आणि मूळ दागिन्याच्या आधी वितळावा म्हणून डाखात तांबे-रुपे अधिक घालावे लागते. कसोटीला पुतळीचा चेहरा कळतो, पाठ कळत नाही. छत्तीस पुतळ्यांच्या छत्तीस कड्या आणि मण्यांचे सारे सांधे मुशीत एकत्र आटले की लगड वीस कॅरटची निघते. म्हणून गिऱ्हाईकाने आटणीच्या वेळी समोर बसावे आणि कस लगडीचा पाहावा, असे त्यांचे म्हणणे. 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला; बावीसचा छाप हवा तर सोने आधी शुद्ध करावे लागते, आणि वजन आणखी उतरते.

“सगळीच कशाला आटवायची?” आम्ही विचारले. तोंडातून नकार निघावयाचा तो प्रश्न निघाला.

शेटींनी उत्तर न देता वडिलांची जुनी वही काढली. 1988 साली, आमच्या लग्नाच्या वर्षी, आमच्या पत्नीच्या नावावर एक चंद्रहार जमा आणि ही माळ नावे लिहिलेली. चंद्रहार आमच्या सासूबाईंचा! ही गोष्ट पस्तीसएक वर्षांच्या संसारात आम्हांस ठाऊक नव्हती. तिने सांगितली नाही, की आम्ही ऐकली नाही, कोण जाणे.

शेवटी हिशेब असा ठरला. दहा पुतळ्या तशाच ठेवून बारीक गोफात ओवावयाच्या. त्यांना आग लावावयाची नाही. उरलेल्या सव्वीस आणि मण्यांचे सोने मिळून एकोणपन्नास ग्रॅम. मळ आणि घट एक ग्रॅम धरून वीस कॅरटची लगड अठ्ठेचाळीस. त्यात शुद्ध सोने चाळीस, म्हणजे बावीस कॅरटचे साडेत्रेचाळीसच्या आसपास. त्यात बारा-बारा ग्रॅमच्या दोन बांगड्या, पंधराची साखळी आणि चारची फुले. कन्येने साखळी ‘अगदी नाजूक’ मागितली होती, शेटी ऐकेनात. बावीस कॅरटचे सोने मऊ. रोजच्या वापरात कड्या एकमेकींवर घासून झिजतात आणि साखळी बहुधा फाशापाशीच तुटते. हलकेपणालाही मर्यादा असते.

श्रावणातल्या एका सकाळी आम्ही समोर बसलो. मुशीत टाकणखाराची चिमूट पडली. आधी पुतळ्यांच्या कडा गेल्या, मग चेहरे. आम्ही चष्मा पुसण्याचे निमित्त केले. लगड निघाली, कस पाहिला, वीसच.

उरले बांगडीचे माप. पत्राच्या मागील बाजूस ताजा कलमात एक ओळ होती, ती आम्ही आधी वाचलीच नव्हती : ‘माप आईच्या बांगडीचे घ्यावे, मला तीच बसते.’ घरी येऊन आम्ही कपाटाचा खण उघडला. हिरव्या काचेच्या चार होत्या. त्यांतली एक रुमालात गुंडाळून दुसऱ्या दिवशी शेटींकडे नेऊन दिली.