डोळा मिचकावता न येणाऱ्या विनोदास

प्रिय खट्याळ विनोदा,

समोरासमोर तुझं छान चालतं. भुवई जराशी वर जाते, वाक्य संपता संपता अर्धा क्षण रेंगाळतं आणि ऐकणाऱ्याला कळतं की ही गंमत आहे, आणि नुसती गंमतही नाही. व्हॉट्सॅपवर आलास की हे सगळं दाराबाहेर राहतं. आत येतात ती फक्त अक्षरं. मग कट्ट्यावर टाळी घेणारं वाक्य पडद्यावर कधी उद्धट वाटतं, कधी लाळघोटं.

पंचाईत अशी की पाठवणाऱ्याला हे कळतच नाही. आपलं वाक्य तो मनातल्या मनात स्वतःच्याच आवाजात ऐकत असतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. काही वाक्यं उपरोधाने, काही गंभीरपणे ईमेलने पाठवायची आणि वाचणाऱ्याने कोणतं वाक्य कसलं ते ओळखायचं. पाठवणाऱ्यांना वाटलं, शंभरातली ७८ तरी बरोबर ओळखली जातील. ओळखली गेली ५६. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास जमलीच असती.

त्यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे हसरा चेहरा. १९८२च्या सप्टेंबरमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या स्कॉट फालमन यांनी :-) ही खूण सुचवली ती याच कारणासाठी: संगणकावरच्या गप्पांमध्ये थट्टा कुठली आणि गंभीर कुठलं, हे लोकांना कळेनासं झालं होतं. पण ती खूण फार तर ‘ही थट्टा आहे’ एवढं सांगते, थट्टा जमवून देत नाही. तुझा आवाज वाक्याच्या आतच बसवावा लागतो. कसा, ते माझ्या एका मैत्रिणीच्या मेसेजवरून सांगते.

तिच्या वाचनगटातल्या एकाने तिची कादंबरी नेली होती. दोघांची ओळख नवी, गप्पा मात्र रोजच्या. एकदा त्याचा मेसेज आला, “सॉरी, पुस्तक अजून संपलं नाही. कधी परत करू?” तिने आधी लिहिलं: “परत केलंस तर भेटायचं निमित्त संपेल ना 😉😉”. मला दाखवलं आणि पुसून टाकलं. बरं केलं. यात जे त्याने ओळखायचं ते तिनेच सांगून टाकलं होतं. शिवाय त्याच्या मनात तसं काही नसेल, तर तो बिचारा काय उत्तर देणार? एक तर हो म्हणायचं, नाही तर अवघडून गप्प बसायचं.

मग तिने लिहिलं: “किती दिवस ठेवणार आहेस? आता दंड भरावा लागेल!” दंडाची कल्पना चांगली होती, पण तो आधीच ओशाळलेला. हसू ऐकू येत नसल्यामुळे त्याला ही तक्रारच वाटली असती आणि आणखी एक ‘सॉरी’ आलं असतं. उद्गारचिन्हाने आवाज चढतो, लाडिक होत नाही.

शेवटी गेला तो मेसेज असा:

“वाचकास कळविण्यात येते की, आपण नेलेल्या पुस्तकाची मुदत संपून नऊ दिवस झाले आहेत. प्रतिदिन एक रुपयाप्रमाणे दंड रु. ९ फक्त.

दंड जीपेने स्वीकारला जात नाही.”

यात तुझी सगळी कारागिरी आहे. पहिली गोष्ट भाषेची. रोज ‘अरे, ऐक ना’ म्हणणारी मुलगी एकाएकी ‘कळविण्यात येते की’ म्हणू लागली, की खेळ सुरू झाला हे इमोजीशिवाय कळतं. समोरासमोर जे काम भुवई करते, ते इथे सरकारी मराठी करते. ‘रु. ९ फक्त’ हेही मुद्दाम आहे. रक्कम इतकी किरकोळ आणि हिशेब इतका काटेकोर, की राग खरा नाही याची खात्री पटते. दंड पाचशे लिहिला असता तर वाचणारा क्षणभर तरी चपापला असता.

दुसरी गोष्ट कलाटणीच्या जागेची. मराठी वाक्यात नकार शेवटी येतो, याचा तू पुरेपूर फायदा घ्यावास. ‘दंड जीपेने’ इथपर्यंत वाचणाऱ्याला वाटतं, आता नंबर येणार. ‘जात नाही’ आलं की मगच वाट बदलते. तेच शेवटचं वाक्य वर नेऊन बघ, खाली नुसता हिशेब उरतो आणि तू मेलेला असतोस. आधीची मोकळी ओळ म्हणजे बोलण्यातला तो अर्धा क्षण. मेसेजचे दोन तुकडे करून ती साधता आली असती, पण मग पहिला तुकडा एकटाच पोचून रेंज गेली, तर समोरचा तेवढीच नोटीस घेऊन बसतो. मेसेज एकच ठेवला, की शेवट सुरुवातीच्या पाठोपाठच पोचतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक. ‘भेटू या’ हे शब्द मेसेजमध्ये नाहीतच. जीपे चालत नाही, म्हणजे पैसे हातात द्यावे लागणार, म्हणजे भेटावं लागणार, ही शेवटची पायरी त्याची त्याने चढायची. ती चढताना त्याला हसू येतं, कारण कोडं त्याने सोडवलेलं असतं. आणि चढायची नसेल तर पळवाट आहे. “हाहा, या आठवड्यात पुस्तक पाठवून देतो” एवढं लिहिलं तरी कोणाचाच अपमान होत नाही.

त्याचं उत्तर आलं: “मनीऑर्डर चालेल का?”

हा नकार नव्हता. तो तिच्याच कार्यालयीन सुरात बोलला होता, आणि वर प्रश्न विचारला होता. तिने लिहिलं, “चालेल. पोस्टमन म्हणून कोण येणार ते कळवावे.” पुढची थट्टा त्याने दिलेल्या मनीऑर्डरीतूनच निघाली, हे लक्षात ठेव. इथे तिने आपलाच दुसरा ठेवणीतला विनोद काढला असता, तर संवादाचं एकपात्री झालं असतं.

आता तुझी मर्यादा. उत्तरात नुसता अंगठा आला, किंवा सूर न पकडता कोरडं ‘ओके’ आलं, तर तिथेच थांब. ‘अरे, जोक होता’ असं मागून पाठवू नकोस. त्याने तू सुधारत नाहीस, उलट समोरच्याला विनोद कळत नाही असा टोमणा होऊन बसतोस. तोच विनोद दुसऱ्या शब्दांत पुन्हा पाठवणं म्हणजे तर तगादा. आणि जिथे समोरच्याला पळवाटच नसते, म्हणजे साहेबाकडून हाताखालच्या माणसाला जाणाऱ्या मेसेजमध्ये, तिथे कितीही रेखीव असलास तरी जाऊच नकोस.

पाठवायच्या आधी एक परीक्षा देत जा. बँकेचा एसएमएस वाचावा तसा, सपाट आवाजात स्वतःला वाचून बघ. मैत्रिणीचा पहिला मसुदा त्या आवाजात केविलवाणा वाटतो, दुसरा भांडखोर. तिसरा जास्तच रंगतो, कारण तो सपाट आवाजासाठीच लिहिलेला आहे. पडद्यावर दुसरा आवाज तुला मिळणार नाही, तेव्हा याच आवाजात जो हसवेल तोच तू पाठवण्यालायक.

तुझी,
एक वाचक