न बोलण्याचा आवाज

गेल्या पावसाळ्यापासून एक मुलगी कविता दाखवायला येते. तिच्या एका ओळीने माझी लिहिण्याची रीत बदलली. ओळ होती, ‘तुझ्या मौनात आवाज, तुझ्या आवाजात मौन’. मुशायऱ्यात हिला दाद मिळेल. पण मौनाच्या जागी विरह घाला, आवाजाच्या जागी मीलन घाला, ओळ तशीच चालते. शब्द बदलूनही ज्याचं काही बिघडत नाही, तो विरोधाभास कशालाच चिकटलेला नसतो.

मी विचारलं, “कुणाचं मौन?”

“आईचं, सर. चिडली की बोलत नाही. पण भांडी अशी लावते की...”

ती थांबली आणि मला ओळ दिसू लागली. दोघांनी मिळून ती घडवली: ‘भांडी लावताना आईचं न बोलणं / शेजारपर्यंत ऐकू जायचं’. ‘मौन’ गेलं, कारण त्या शब्दाला आधीच कवितेचा वास आहे. ‘शेजारपर्यंत’ने आवाजाला अंतर दिलं. न बोलणं ऐकू येणं अशक्य, तरी त्या घरात ते रोज घडत होतं.

मी अजून अडतो तो कारणापाशी. ते किती सांगायचं? ‘भांडी आपटताना’ लिहिलं तर आवाजाचा उलगडा लगेच होतो आणि विरोध उरतच नाही. भांडी काढून टाकली तर ओळ पुन्हा धूसर, कुणाच्याही आईची. ‘लावताना’मध्ये आदळआपट लिहिलेली नाही, ती वाचणाऱ्याला स्वतः ऐकावी लागते. भांडी विरोधानंतर आणली तर ते कोड्याचं उत्तर होतं. आधी आली की विरोध त्यांच्यातून उगवतो.

बाणभट्टाच्या गद्यातला विरोध बहुधा श्लेषावर उभा असतो. दुसरा अर्थ कळला की तो मिटतो. त्या कसबापुढे मी नतमस्तक आहे, पण उलगडल्यावर तिथे परतावंसं वाटत नाही. मुक्ताबाईंच्या मुंगीच्या अभंगाकडे मात्र परततो. त्यात अशक्य घडतं ते मुंगी, विंचू, माशी अशा घरातल्या जीवांच्या हातून, म्हणून त्याला जमीन आहे. अद्वैताचा अर्थ लावला तरी मुंगी मुंगीच राहते.

आज व्यासपीठावर ‘बोलकं मौन’, ‘गोड जखम’, ‘थंड आग’ यांची रेलचेल आहे. विशेषण आणि नाम यांची भांडणं लावून दिली की टाळी हमखास. मलाही ती टाळी हवी असते. ‘हरलो म्हणून जिंकलो’ अशा वळणाचा माझा एक शेर आहे. त्यात कोण, कुठे, काय हरलं याचा पत्ता नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सभागृह थंड पडलं की मी तोच काढतो आणि ‘वा’ ऐकून सुखावतो.

मुलगी आता म्हणते, ‘आईचं’ काढू या, ओळ सगळ्यांची होईल. मी नाही म्हणतो. सगळ्यांचं झालं की ते न बोलणं पुन्हा मौन होईल.