साडेअकरा

तो सप्टेंबरात टोरांटोला गेला, तेव्हाच आमची वेळ ठरली: बेळगावात रात्रीचे साडेअकरा, त्याच्याकडे दुपारचे दोन. दोनला त्याचं लेक्चर संपतं, चारला कामाची शिफ्ट. पलीकडच्या खोलीत आई झोपलेली, म्हणून मी पांघरुणात शिरून, इयरफोन लावून कुजबुजते. माझा चेहरा अंधारात, तो मात्र लख्ख उन्हात सँडविच खात असतो.

नोव्हेंबरचा पहिला रविवार गेला. सोमवारी साडेअकराला मी व्हिडिओ कॉल लावला. उचलला नाही. पावणेबाराला पुन्हा लावला. बाराला रडूच आलं, नको नको ते मनात आलं. साडेबाराला त्याचा कॉल.

"विसरलास ना?"

"अगं, आत्ता तर दोन वाजले! रोजच्यासारखाच आलो."

दोघंही खरं बोलत होतो. त्या रविवारी पहाटे दोनला तिकडची घड्याळं एक तास मागे गेली होती. तेव्हा इथे सकाळचे साडेअकरा. मिसाहून येऊन मी आईला कांदा चिरून देत होते. साडेनऊ तासांचं अंतर साडेदहा झालं आणि मला पत्ताच नाही!

आता मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेबाराच. शनिवारी त्याला लेक्चर नसतं, तेव्हा तो एकलाच येतो, म्हणजे माझ्या साडेअकराला. बाकी दिवशी, "तुझं सकाळी कॉलेज आहे, रोज नको," म्हणतो. मी "बघू" म्हणते आणि जागते.

काल बोलता बोलता मला झोप लागली. सकाळी फोन पाहिला: कॉल एक तास चाळीस मिनिटं. शिफ्टला निघेपर्यंत त्याने तो कट केला नव्हता.