सूर्यास्ताचं कोष्टक आणि वेगळी चूल



लेस्टरला आमच्या फ्रिजवर सूर्यास्ताचं कोष्टक चिकटवलेलं असायचं. तिथं रात्रिभोजनत्याग पाळायचा तर ते लागतंच. जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊला मावळतो, तेव्हा नियम पाळतोय असं वाटतसुद्धा नाही. डिसेंबरात मात्र चारला सात-आठ मिनिटं कमी असतानाच तो जातो. मग ऑफिसमधल्या मंडळींच्या दुपारच्या चहाच्या वेळेला मी डबा उघडायची आणि पुढं सकाळपर्यंत काही नाही. एकोणीस वर्षं असं केलं. मनात एकच असायचं, की चाकूरला गेल्यावर हे कोष्टक लागणार नाही. तिथं सगळं घरच वेळेवर जेवतं.

आम्ही परत आलो तो महिना आषाढ होता. चाकूरला त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि थंडीत पावणेसहाच्या आसपास. म्हणजे वर्षभरात फार तर सव्वा तासाचा फरक, लेस्टरच्या पावणेसहा तासांपुढं काहीच नाही. पण घर जेवायला बसतं सव्वानऊला. दीर दुकान बंद करून येतात, लेकरं क्लासहून येतात, मग पानं मांडली जातात. आत्याबाई होत्या तोवर सहाला चूल विझायची. त्या गेल्या आणि हळूहळू वेळ सरकत गेली. फोनवर हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं काही घडलंय असं इथं कुणाला वाटलंही नव्हतं.

जाऊबाईंनी पहिल्या दिवसापासून माझ्यासाठी सहाला गरम भाकरी केली. पिठलं, भाकरी, तेवढ्यापुरतं ताट. नंतर साडेआठला पुन्हा सगळ्यांचा स्वयंपाक. आठवडाभरानं माझ्या लक्षात आलं, की लेस्टरला माझ्या नियमाचा भार माझ्या एकटीवर होता, इथं तो त्यांच्या गुडघ्यांवर आलाय. म्हणून दुसऱ्या सोमवारी मी पाचलाच परात घेतली, माझ्यापुरत्या दोन भाकऱ्या थापल्या, भांडी घासून पालथी घातली.

जाऊबाई मागच्या दारातून आल्या, तव्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "माय, चूल वेगळी मांडलीस का?"

आपल्याकडं चूल वेगळी होणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. वाटण्या होतात, भिंती पडतात, तेव्हा चूल वेगळी होते. लेस्टरला आपलं आपण करून घेणं ही सभ्यता होती. त्याच दोन भाकऱ्यांचा इथला अर्थ माझ्या शेजारी उभा होता. मी म्हटलं, "तसं नाही ताई, तुम्हाला दोनदा त्रास नको म्हणून." आणि वर सवयीनं "सॉरी"ही म्हणाले. त्यावर त्या अजूनच गप्प झाल्या. "थँक्यू"चंही तेच. चहाचा कप हातात घेताना तोंडातून निघून जातं आणि त्या म्हणतात, "पाहुणी हाईस का?"

आल्फ्रेड शुट्झ नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होते. व्हिएन्नाचे, पुढं अमेरिकेत गेलेले. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या निमित्तानं त्यांनी 1945 मध्ये 'द होमकमर' नावाचा निबंध लिहिला. परक्या देशात जाणाऱ्याला ठाऊक असतं की आपल्याला सगळं नवं शिकायचंय. घरी परतणाऱ्याला वाटतं, आठवणीत चाचपडलं की जुनं सगळं हाताला लागेल. म्हणून त्याचा गोंधळ जास्त होतो. माझ्या बाबतीत तर लेस्टरलाही मी पूर्ण आतली नव्हते. तिथले बहुतेक जैन गुजराती, त्यातले कितीतरी पूर्व आफ्रिकेतून आलेले. "मराठी जैन पण असतात?" हे मी किती वेळा ऐकलं असेल! पण ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं आमचं जैन सेंटर (एका जुन्या चर्चच्या इमारतीत 1988 पासून आहे) असं, की एकाच छपराखाली श्वेतांबर मंदिर, दिगंबर मंदिर आणि स्थानकवासी उपाश्रय. पर्युषणाचे आठ आणि दशलक्षणाचे दहा, असे अठरा दिवस आम्ही सगळ्याच जणी जायचो. गेल्या भाद्रपदात शुद्ध पंचमी उजाडली तेव्हा माझा फोन लेस्टरच्या 'मिच्छामि दुक्कडम्'नी भरलेला होता आणि इथं आमचं दशलक्षण त्याच दिवशी सुरू होत होतं. इथली क्षमावणी वद्य प्रतिपदेला. मी न्हाणीघराच्या पायरीवर बसून एकेकीला उत्तरं पाठवली. पुतणीनं विचारलं, "काकू, तुमचं संपलं का सुरू झालं?" तिला काय सांगावं कळेना.

पण खरा पेच पाण्यानं घातला. आमच्या अंगणात आड आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनी दुहेरी गाळणं कसं धरायचं ते तिथंच शिकवलं होतं. गाळलेलं पाणी दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटं चालतं. पुढं पुन्हा गाळायचं, नाहीतर उकळायचं. उकळलेलं 24 तास. आणि गाळणं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं धुवायचं, ती जिवाणी बुडाशी कडी असलेल्या तांब्यातून आडात पाण्यापर्यंत सोडायची, वरून ओतायची नाही. जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत. लेस्टरला नळाला पिशवी बांधून मी गाळत होतेच, पण जिवाणीचं काय, तर बागेतल्या ओलसर मातीत. तिथं आड कुठला? मनाला सांगायचे, चाकूरला गेल्यावर नीट करू.

आडावर आता फरशी आहे. दुष्काळात तो आटला. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, ते मी लेस्टरच्या सोफ्यावर बसून टीव्हीवर बघितलं होतं. त्या उन्हाळ्यात इथं जाऊबाई टँकरमागं घागरी घेऊन धावत होत्या. आता घरी वीस लिटरचे जार येतात. मी जारचं पाणी गाळायला घेतलं तर पुतण्या हसला, "काकू, मशिनमधून गाळूनच येतंय की." मशीन जीव गाळून कुठं सोडतं, हे त्याला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. ज्या घरानं घागरभर पाण्यासाठी रात्र जागवली, त्याला एकोणीस वर्षं नळ सोडून पाणी घेतलेल्या बाईनं गाळण्याचे नियम सांगणं मला बरं दिसेना.

जाऊबाईंनीच ते सोडवलं, म्हणजे त्यांच्या परीनं. जार घेणं त्यांनी बंद केलं नाही. पण वापरायचं पाणी बोअरचं असतं, त्यातली एक घागर पिण्यासाठी माझ्या हवाली केली. ती मी गाळते, उकळते. जिवाणी बोअरच्या खड्ड्याशी सोडते. खोल पाण्यापर्यंत ती पोचत नाही, हे मलाही कळतं. त्या घागरीतलं पाणी आता जाऊबाईही पितात. लेकरं जारचंच पितात.

भाकरीचंही असंच काहीतरी झालं. पाचला परात मी घेते, पण सगळ्यांच्या भाकऱ्या थापते. माझी नि जाऊबाईंची पानं सहाला, बाकीच्या भाकऱ्या फडक्यात. पुरुषांना गार भाकरी आवडत नाही, त्यावरून धुसफूस चालू आहे.

परवा लेस्टरच्या मैत्रिणीचा फोन आला. इथं सव्वानऊ वाजलेले, दीर नि लेकरं नुकतीच पानावर बसलेली. तिकडं पावणेचार. ती म्हणाली, "घाईत आहे, सूर्य जायच्या आत दोन घास खाऊन घेते." मी फोन ठेवून हे सांगितलं तर जाऊबाईंनी वाढता वाढता हिशोब केला आणि दिरांकडं बघून म्हणाल्या, "मग खावा निवांत. लेस्टरला अजून दिवस हाय."