चाळीस टक्के म्हणजे काय?

हार्ट अटॅकनंतर घरी आणलेल्या फाइलमध्ये इकोचा रिपोर्ट असतो. त्यातल्या `LVEF 40%` अशा एका ओळीवर सगळ्या घराची नजर खिळते. माझ्या मामूंनी ती ओळ वाचली आणि आपलं साठ टक्के हृदय मेलं असा हिशेब केला. मशिदीचा जिना चढणं त्यांनी सोडलं, दुकानाच्या चाव्या मुलाच्या हातात दिल्या. मी एका इस्पितळात इको काढण्याचं काम करते, म्हणून मुमानीने मला बोलावलं. "तूच समजाव त्यांना, माझं ऐकत नाहीत."

रिपोर्टाला जोडलेले दोन फोटो मी त्यांच्यासमोर ठेवले. ही चित्रं आवाजाच्या लहरींनी काढलेली असतात. रक्त काळं दिसतं, हृदयाच्या भिंती करड्या दिसतात. यंत्राचा प्रोब छातीच्या डाव्या बाजूला, हृदयाच्या टोकावर धरलेला असतो, त्यामुळे पडद्यावर हृदय उलटं दिसतं: टोक वर, आणि एरवी वर असणारे दोन कप्पे खाली. डावी बाजूही पडद्यावर आपल्या उजव्या हाताला येते. सगळ्या अंगाला रक्त पोहोचवतो तो कप्पा तिथेच, वरच्या अर्ध्या भागात असतो. रिपोर्टातला LV तो हाच.

"मामू, हे दोन्ही फोटो एकाच ठोक्याचे आहेत," मी म्हटलं. पहिल्यात कप्पा रक्ताने पूर्ण भरलेला, दुसऱ्यात जास्तीत जास्त आकुंचन पावलेला. दोन्ही फोटोंत आम्ही कप्प्याच्या आतल्या कडेवरून रेघ फिरवतो आणि यंत्र त्यावरून आत किती रक्त मावतं ते काढतं. मामूंचा कप्पा भरला तेव्हा त्यात १२० मिलिलिटर रक्त होतं. आकुंचनानंतर ७२ उरलं. म्हणजे एका ठोक्यात ४८ बाहेर गेलं, आणि १२० पैकी ४८ म्हणजे चाळीस टक्के.

"मग चांगल्या हृदयाचं शंभर असतं?" त्यांनी विचारलं.

नाही. निरोगी हृदयही कप्पा पूर्ण रिकामा करत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर टाकतं, बाकीचं आतच राहतं. त्यामुळे चाळीसची तुलना शंभराशी करायची नाही, साठच्या आसपासच्या आकड्याशी करायची. मामूंचा आकडा कमी होता, हे खरं. पण साठ टक्के हृदय गेलं, हे खरं नव्हतं.

दुसरी गोष्ट भिंतीची. चांगली भिंत आकुंचन पावताना जाड होते. मामूंच्या कप्प्याचं टोक आणि पुढची भिंत जवळजवळ तशीच राहत होती. बंद पडलेली रक्तवाहिनी स्टेंट घालून उघडली होती, पण इको अटॅकनंतर तिसऱ्या दिवशीचा होता. रक्ताविना राहिलेला स्नायू काही वेळा मरत नाही, नुसता सुन्न होतो, आणि रक्त पुन्हा मिळाल्यावर काही आठवड्यांत जागा होतो. मेलेला भाग मात्र पुढे पातळ होतो आणि तिथे व्रण राहतो. तिसऱ्या दिवशी या दोन्हींतला फरक सांगणं कठीण असतं. म्हणूनच डॉक्टर दीड ते तीन महिन्यांनी पुन्हा इको करायला लावतात. औषधं नीट घेऊनही तेव्हा आकडा ३५ किंवा त्याखाली राहिला, तर धोकादायक ठोके थांबवणारं यंत्र छातीत बसवायचं का, याचा विचार होतो.

मामू तीन महिन्यांनी गेले. कप्पा भरल्यावर ११६, उरलं ५८. बरोबर पन्नास टक्के. पुढची भिंत जाड होऊ लागली होती. टोकाचा थोडा भाग अजून मंद होता.

इथे एक सावधगिरी. रेघ माणूस मारतो. प्रोब जरा तिरका लागला तर कप्पा खरा आहे त्यापेक्षा आखूड दिसतो आणि हिशेब बदलतो. त्यामुळे चाळीसचे त्रेचाळीस झाले म्हणून आनंद नको, आणि सदतीस झाले म्हणून घाबरणंही नको. जमल्यास इको एकाच ठिकाणी करावा आणि जुना रिपोर्ट सोबत न्यावा. शिवाय रक्तवाहिनीतला अडथळा या चित्रांत दिसत नाही. त्याला अँजिओग्राफीच लागते.

"पन्नास झाले, आता गोळ्या बंद?" मामूंचा पुढचा प्रश्न तयार होता. मी सांगितलं, हा आकडा गोळ्या चालू असतानाचा आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही सोडायची नाही. आणि दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर रिपोर्टात काहीही लिहिलेलं असो, लगेच दाखवायचं.

मुमानीने वजनाचा काटा न्हाणीघराच्या दाराशी ठेवला आहे. मामू रोज सकाळी त्यावर उभे राहतात आणि आकडा कॅलेंडरवर लिहितात.