सात नंबरची बॅच

शुक्रवारची संध्याकाळ. लॅपटॉप बॅगेत कोंबून लिफ्टपाशी पोहोचले आणि फोन वाजला.
"अगं, तुमच्या लोणच्यावर पांढरं काहीतरी आलंय. फोटो पाठवते, बघ."

फोटो बघितला आणि वीकेण्डचा मूडच गेला. बाटलीच्या तोंडाशी तेलाच्या वर डोकावणारी कैरीची फोड, आणि तिच्यावर कापसासारखा पुंजका. मीठ असतं तर खडे दिसले असते, बोटांत कचकचले असते. ही सरळसरळ बुरशी होती.

दर मे महिन्यात आई आणि मी कैरीचं लोणचं करून विकतो. हात आईचा. लेबलं, हिशोब आणि कस्टमर माझ्याकडे. त्या बाटलीच्या लेबलवर होतं, बॅच ७, पॅकिंग १२ मे. प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या आम्ही घरी बाजूला ठेवतो. सातच्या दोन्ही उघडल्या. एक छान होती, दुसरीवर तोच कापूस.

आईची वही काढली. १२ मेला बाटल्या दोनदा धुतल्या होत्या. सकाळच्या ४८ कडक उन्हात वाळल्या. दुपारी आभाळ आलं, म्हणून नंतरच्या ४८ फडक्यानं पुसूनच भरल्या. वर तेलही संपत आलेलं. लोणच्यावर निदान अर्धा सेंटीमीटर तेल उभं राहायला हवं, म्हणजे फोडींना हवा लागत नाही. तिथं हात आखडला. बाटलीत ओल आणि वर उघडी फोड, बुरशीला आणखी काय हवं?

म्हणजे घोटाळा फक्त ४८ बाटल्यांचा. पण कुठल्या ४८? लेबल सगळ्यांवर एकच! पाकीटबंद खाद्यपदार्थावर बॅच नंबर घालणं कायद्यानं सक्तीचं आहे, म्हणून मी तो नुसता छापत होते. तो कशासाठी असतो, हे त्या रात्री कळलं. चांगल्या-वाईट बाटल्या वेगळ्या सांगता येत नव्हत्या, म्हणून सगळ्या ९६ परत घेणं आलं.

मग निवेदन लिहायला बसले. ऑफिसात रोज मेल लिहिणारी मी, पहिला ड्राफ्ट झकास उतरला: 'काही ग्राहकांना झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पावसाळी हवामानामुळे...' आईनं चष्मा लावून वाचलं.
"पावसानं बाटल्या पुसल्या होत्या का गं?"

दुसरा ड्राफ्ट तिनं सांगितला, मी टाइप केला:

'बॅच ७, पॅकिंग १२ मे, हे कैरीचं लोणचं कृपया खाऊ नका. काही बाटल्या नीट न वाळवता भरल्या गेल्या आणि वर तेल कमी पडलं. चूक आमची आहे. तुमच्या बाटलीत बुरशी दिसत नसली तरी खाऊ नका. दिसत असेल तर वरचा थर काढून खालचं वापरू नका, बुरशीचे तंतू आत गेलेले दिसत नाहीत. लेबलचा फोटो पाठवा आणि बाटली टाकून द्या. परत पाठवायची गरज नाही, बिलही नको. बदली बाटली किंवा पूर्ण पैसे, तुम्ही म्हणाल ते. खाऊन त्रास झाला असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, मग आम्हाला कळवा. बाकीच्या बॅच वेगळ्या दिवशी भरल्या आहेत, त्यांच्या घरी ठेवलेल्या बाटल्या तपासल्या, त्या ठीक आहेत.'

पाठवणार तेवढ्यात आई म्हणाली, "बदली देणार कुठून? जुलै लागलाय, लोणच्याची कैरी संपली." खरंच की! बॅच ८ च्या फक्त ३८ बाटल्या शिल्लक होत्या. लोकांकडे गेलेल्या होत्या ५४. म्हणून शेवटी एक ओळ वाढवली: 'बदली बाटल्या ३८ च आहेत. त्या संपल्या की पैसे परत करू. नवं लोणचं आता पुढच्या मे महिन्यातच.'

रात्री साडेदहाला मेसेज गेला. ज्यांचं उत्तर आलं नाही, त्यांना रविवारी एकेकाला फोन केले. एका दुकानात २९ बाटल्या ठेवल्या होत्या, त्यातल्या २२ उचलून आणल्या. उरलेल्या सात कोणी नेल्या, ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. हेच निवेदन मोठ्या अक्षरात छापून त्यांच्या काउंटरवर लावलं. सातांपैकी तीन जण आले. बाकीच्या चार बाटल्या कुठल्या फ्रीजमध्ये आहेत, हा विचार अजून अधूनमधून झोप उडवतो.

बाटली १८० रुपयांची, म्हणजे ९६ बाटल्यांचे १७,२८० रुपये पाण्यात. पहिला फोन करणाऱ्या काकूंनी बदली बाटली घेतली. उघडून तेलाचा थर बघितला आणि म्हणाल्या, "आता ठीकाय."

पुढच्या मे महिन्याची लेबलं मी आत्ताच करून ठेवलीत. प्रत्येक धुण्याच्या बाटल्यांना वेगळं अक्षर: १-अ, १-ब. आई म्हणते, अक्षरं राहू देत, आधी बाटल्या वाळव.